तीस मिलिलिटरची पायरी

बालरोगतज्ज्ञ बाईंनी नातीला वजनकाट्यावरून उचलून माझ्या लेकीच्या हातात दिले आणि कार्डावर आकडा लिहिता लिहिता विचारले, "रात्री किती वेळा उठते?"

"दोनदा," लेक म्हणाली. "साडेअकराला आणि अडीचला. दोन्ही वेळा एकशेऐंशी एमएल, डब्याचं. माझं दूध पाचव्या महिन्यातच आटलं."

"आता साडेआठ महिने पूर्ण. वजन उत्तम, तब्येत ठणठणीत, दिवसातून तीनदा भरवताय. रात्रीच्या दुधाची हिला गरज राहिलेली नाही. सवय राहिली आहे." बाईंनी पेन खाली ठेवले. "पण एकदम तोडू नका. आधी एकच वेळ घ्या. दर दोन रात्रींनी तीस एमएल कमी करा. साठवर आलात की दोन रात्रींनी ती बाटली बंद. मग थोपटा, हलक्या आवाजात बोला, दिवा लावू नका. मधे ताप-सर्दी आली तर थांबा. आणि एक लक्षात ठेवा, दूध कमी करायचंय, पातळ नाही. तीस एमएल पाण्याला एक सपाट माप, हे प्रमाण शेवटच्या बाटलीपर्यंत तेच."

मी पिशवीतून वही काढून हे सारे लिहून घेत होते. बाईंनी माझ्याकडे पाहिले. "तुम्ही शिक्षिका होता का?"

"पंपांच्या कारखान्यात, चाचणी विभागात," मी म्हणाले. "एकतीस वर्षं."

"मग हे काम यांच्याकडेच द्या," असे बाई हसून लेकीला म्हणाल्या.

काम माझ्याकडेच होते. लेक एका रुग्णालयाच्या औषधभांडारात औषधनिर्माती आहे; तिला सकाळी सातला खिडकी उघडावी लागते. जावई मुद्रणालयात यंत्र चालवतात. दुपारी तीनला जातात आणि रात्री सव्वाअकराला घरी येतात. लेकीची रजा संपली तेव्हा तिने मला बोलावून घेतले. मी माझ्या दोन खोल्यांना कुलूप लावले, मीटरचा मुख्य खटका खाली ओढला आणि आले. साडेअकराची बाटली जावयांची, अडीचची माझी, अशी वाटणी झाली. मी नातीच्या खोलीत, तिच्या पाळण्याशेजारच्या अरुंद पलंगावर झोपत असे. तिचे खरे नाव मोठे आणि भारदस्त आहे. घरात मात्र सगळे तिला ठकू म्हणतात, कारण जन्मली तेव्हा ती लाकडी ठकी-बाहुलीसारखी ताठ आणि गोल डोळ्यांची होती.

दवाखान्यातून आलो त्या दिवशी जावयांना सुट्टी होती. लेकीने त्यांना सगळी पद्धत समजावून सांगितली. ते ठकूला मांडीवर नाचवत ऐकत होते.

"म्हणजे महिनाभरात सुटका," ते म्हणाले. "ऐकलंस का गं ठके, तुझा रात्रीचा खानावळीचा धंदा बंद! आणि बरंच झालं. अडीचचं दूध सुटलं की आईंनाही मोकळं करू. किती दिवस अडकवून ठेवायचं त्यांना?"

लेक कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

मी स्वयंपाकघरात बाटल्या उकळत होते. 'मोकळं करू' हे शब्द मी नीट ऐकले. कारखान्यात कंत्राटी कामगाराची मुदत संपली की व्यवस्थापक हेच शब्द वापरत: त्याला मोकळा करा. मी चिमट्याने एकेक बाटली बाहेर काढून पालथी ठेवली आणि मनाशी हिशेब केला. पहिली बाटली आठ रात्री, दुसरी आठ रात्री, मधे दोन रात्री सैल धरल्या तर अठरा. अठराव्या दिवशी माझे या घरातले काम संपणार होते.

साडेअकराची बाटली ठरल्याप्रमाणे सुटली. जावयांनी दीडशे दिले, एकशेवीस दिले, नव्वद दिले, साठ दिले. बंद केल्याच्या पहिल्या रात्री ठकू वीस मिनिटे रडली. जावई काळोखात पाळण्याशी बसून तिच्या पाठीवर हात ठेवून आपल्या यंत्राचे भाग एकामागून एक सांगत राहिले: हा रूळ, हा शाईचा डबा, ही पकड. दुसऱ्या रात्री ती सात मिनिटे रडली. तिसऱ्या रात्री उठलीच नाही. सकाळी तिने वाटीभर पातळ खिमट खाल्ले आणि चमचा हिसकावून घेतला.

"बघा आई, माझी ड्यूटी संपली!" जावई म्हणाले. "आता तुमचा नंबर."

सगळे हसले. मीसुद्धा हसले.

अडीचची बाटली मी सुरू केली. वहीत रकाने आखले: तारीख, उठण्याची वेळ, दिलेले दूध, प्यायलेले दूध, झोपण्याची वेळ, सकाळचे खाणे. पहिल्या दोन रात्री दीडशे. पुढच्या दोन रात्री एकशेवीस. या चारही नोंदी खऱ्या आहेत. एकशेवीस पिऊन ती बाटलीचे रबरी बूच जिभेने ढकलून देई आणि माझ्या खांद्यावर डोके टाकी. पूर्वी ती बाटली संपेपर्यंत माझे एक बोट मुठीत धरून ठेवत असे. आता बाटली लवकर संपे आणि मूठही लवकर सुटे.

पाचव्या रात्री नव्वदची पायरी होती. मी नेहमीप्रमाणे अडीचच्या आधी जागी झाले, पाणी कोमट केले, तीन मापे टाकली आणि वाट पाहिली. अडीच वाजले. पावणेतीन झाले. ठकू हात वर टाकून शांत झोपली होती. तिचा श्वास समान होता. एखादा पंप ठरलेल्या दाबाला बिनतक्रार चालू लागला की चाचणी घेणाऱ्याने यंत्रापासून बाजूला व्हायचे असते, हे मी शेकडो शिकाऊंना सांगितलेले आहे.

मी बाजूला झाले नाही. मी आत जाऊन बाटलीत आणखी नव्वद पाणी आणि आणखी तीन मापे घातली. परत आले, तिला उचलले आणि बूच तिच्या ओठांना लावले. तिने डोळे न उघडता ओढायला सुरुवात केली. काही वेळाने तिचा हात चाचपडत आला आणि त्याने माझे बोट पकडले. ती पूर्ण एकशेऐंशी प्यायली.

सकाळी मी वहीत लिहिले: उठली २.३५, दिले ९०, प्यायली ९०.

एकतीस वर्षांत मी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. एकदा मालाची गाडी दारात उभी असताना आणि कारखाना व्यवस्थापक टेबलावर हात आपटत असताना मी गळका पंप 'योग्य' म्हणून लिहायला नकार दिला होता. त्याची शिक्षा म्हणून दोन वर्षे माझी बढती अडली. हे मी लेकीला तिच्या लहानपणी इतक्या वेळा सांगितले होते की ती वैतागून म्हणे, "आई, तो पंप आता तरी दुरुस्त झाला असेल गं!"

तो नव्वदचा आकडा लिहिताना मात्र माझा हात अडला नाही. पुढच्या रात्री पुन्हा नव्वद लिहिले आणि एकशेऐंशी दिले. मग दोन रात्री साठ लिहिले आणि एकशेऐंशी दिले. आता ती स्वतःहून अडीचला उठू लागली होती. मी तिला तसे शिकवले होते.

सकाळी ठकू खाईना. लेक कामाला निघण्यापूर्वी तिला भरवत असे. ठकू तोंड मिटून मान फिरवू लागली. तिच्या पोटात माझे दूध होते.

"घे गं बाई, एक घास," लेक घड्याळाकडे बघत म्हणे. "काय झालंय हिला? आई, रात्री नीट झोपली ना?"

"झोपली."

"मग भूक का नाही? रात्रीचं दूध कमी झालं की सकाळी जास्त खाईल, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. पहिल्या बाटलीच्या वेळी खायला लागली होती की."

"दात येत असतील," मी म्हणाले.

"हिरड्या बघितल्या मी. काही नाहीये." तिने वाटी ओट्यावर आपटून ठेवली. "मलाच घाई असते. माझी घाई कळते तिला. जरा थांबून भरवलं असतं तर..."

असे ती सलग चार सकाळी स्वतःलाच दोष देत घराबाहेर पडली. मी वाटी धुऊन ठेवत राहिले.

मंगळवारी अडीचची बाटली बंद करायची होती. वहीत मी लिहिले: दूध दिले नाही, थोपटले, दहा मिनिटांत झोपली. बुधवारी सकाळी ठकूने पहिला घास थुंकला. लेकीने फोन करून अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

दवाखान्यात तिने माझी वही बाईंपुढे ठेवली. "हे बघा, सगळं लिहिलेलं आहे. माझी आई नोंदी ठेवते, त्यात चूक निघायची नाही."

बाईंनी पाने उलटली. "सुरेख. अशा नोंदी आमच्याकडेसुद्धा नसतात." त्यांनी ठकूचे वजन केले आणि त्या थांबल्या. "वजन तर छान वाढलंय. दोन्ही बाटल्या सुटल्या, सकाळी काही खात नाही, आणि वजन वाढतंय?" त्यांनी ठकूचे पोट दाबून पाहिले, कान पाहिले, घसा पाहिला, पापणीची आतली बाजू पाहिली. "दुपारी खाते?"

"थोडंफार."

बाईंनी वहीवर बोट ठेवले. "या नोंदी समोर आहेत, तेव्हा जास्तीचं दूध हे कारण धरता येत नाही. लोह कमी असलं तरी भूक मंदावते. असेलच असं नाही, पण एकदा रक्त पाहून घेऊ. मनाला शांतता."

लेकीचा चेहरा उतरला. "माझ्या दुधामुळे का? लवकर आटलं म्हणून?"

"अहो, तसं काही नाही."

"मग मी पुन्हा कामाला लागले म्हणून?"

बोलायची वेळ ती होती. वाक्य लहान होते: मी दूध देत होते. चार शब्द. मी ते जुळवलेही. पण लेकीने नुकतेच म्हटलेले 'चूक निघायची नाही' माझ्या कानात होते, आणि त्याच्याही मागे 'मोकळं करू' होते. मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.

प्रयोगशाळेच्या खोलीत तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, "आजी, तुम्ही धरा. आईला बघवत नाही बहुतेक वेळा."

मी ठकूला मांडीवर घेतले आणि तिचा दंड घट्ट धरला. पहिल्या खेपेला शीर सापडली नाही. ठकू किंचाळली, श्वास कोंडून लालबुंद झाली आणि मग तिने माझ्याकडे पाहिले. दुसऱ्या खेपेला रक्त आले. तिने दुसऱ्या हाताने माझे बोट पकडले होते, तसेच, अडीच वाजताच्या सवयीने. रक्त घेऊन होईपर्यंत तिने ते सोडले नाही.

त्या रात्रीही मी तिला दूध दिले. आज तिला खरोखरच हवे आहे, अशी मी मनाची समजूत घातली. वहीत लिहिले: दिले नाही.

गुरुवारी लेकीने रजाच टाकली होती. सकाळी तपासणीचा निकाल फोनवर आला. सर्व काही उत्तम होते, लोहसुद्धा. लेकीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि ठकूची सकाळची बाटली करायला दुधाचा डबा उघडला. माप तळाला घासले गेले. आत मापभरही पावडर नव्हती.

तिने डबा उलटा करून पाहिला. मग झाकण पाहिले. औषधभांडारातल्या सवयीने ती प्रत्येक झाकणावर उघडल्याचा दिवस लिहिते. झाकणावर 'सोमवार सकाळ' असे लिहिले होते.

"आई," ती म्हणाली, "एका डब्यात नव्वद मापं."

मी ओट्याशी उभी होते. पुढचे मला ठाऊक होते.

"दिवसाच्या चार बाटल्या. चोवीस मापं. सोमवार, मंगळवार, बुधवार, बहात्तर झाली. सोमवारी रात्री तू साठ दिलंस, दोन मापं. चौऱ्याहत्तर. काल आणि परवा रात्री काहीच नाही." ती बोटावर मोजत नव्हती, हे ती रोज खिडकीत करते. "सोळा मापं उरायला हवी होती."

मी ओट्यावरचे फडके उचलून पुन्हा खाली ठेवले.

"सोळा, आई. तीन रात्री. साठाऐवजी एकशेऐंशी म्हणजे चार जास्त. मग सहा, मग सहा." तिने डबा ओट्यावर ठेवला, अगदी हळू. "बरोबर सोळा."

जावई दारात उभे होते. त्यांच्या कडेवर ठकू होती. तिच्या कोपरात अजून छोटी पट्टी होती.

"कधीपासून?" लेकीने विचारले.

"पाचव्या रात्रीपासून. नव्वदच्या."

"रडली म्हणून? तुला राहवलं नाही म्हणून? तसं असेल तर सांग. मी समजू शकते."

येथे मला खोटे बोलता आले असते, आणि ते खपलेही असते. पण आकड्यांच्या बाबतीत एकदा पकडले गेल्यावर पुन्हा खोटे बोलणे माझ्याच्याने झाले नाही.

"ती उठलीच नव्हती," मी म्हणाले. "मी उठवलं तिला."

नळ ठिबकत होता. जावयांनी पुढे होऊन तो बंद केला.

"का?" लेक म्हणाली.

"दूध सुटलं की मला मोकळं करणार होतात."

"मोकळं?" तिने नवऱ्याकडे पाहिले. त्यांना क्षणभर काही आठवेना. मग आठवले, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"आई, अहो... रात्रीतून मोकळं म्हणालो मी! झोप मिळेल म्हणून. घरातून नव्हे. मुद्रणालयातल्या एकानं जुना मोठा पलंग विकायला काढलाय, तो तुमच्यासाठी आणायचं बोलत होतो आम्ही. तुम्ही कशाला जाल?"

लेक रडत नव्हती. तिचा आवाज फार सरळ होता. "विचारायचं होतंस. एका शब्दाचा अर्थ विचारायला काय लागतं? तू हिला उठवलंस. काल तूच धरलंस तिला. दोनदा टोचलं, आणि तू धरून बसलीस. आणि मी काल रात्री दीडपर्यंत जागी होते, माझं दूध आटलं म्हणून हिचं रक्त कमी झालं असेल, असं वाटून."

"मी सांगणार होते."

"कधी? पुढच्या डब्याला?"

पलंगाची गोष्ट खरी होती की जावयांच्या चांगुलपणाने ती त्या क्षणी घडवली होती, हे मला आजही सांगता येत नाही. ते तपासायचे कोणतेही साधन मी माझ्याकडे उरू दिले नव्हते. विचारले असते तर त्यांनी खरे सांगितले असते. पण माझ्या तोंडी आता तो प्रश्न शोभणारा नव्हता.

त्या रात्रीपासून ठकूच्या खोलीत जावई झोपू लागले. मला बैठकीतल्या दिवाणावर जागा झाली. रात्री सव्वाअकराला ते कामावरून येत, जेवत, चटई घेऊन आत जात आणि दार लोटून घेत. त्यांनी पुन्हा दीडशेपासून सुरुवात केली: दोन रात्री दीडशे, दोन रात्री एकशेवीस, दोन रात्री नव्वद, दोन रात्री साठ. अडीचला मी जागी होत असे आणि दाराआडून बाटलीचा आवाज ऐकत असे. नवव्या रात्री बाटली नव्हती. ठकू रडली. मी दिवाणावर उठून बसले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. आतून जावयांचा आवाज येत होता: हा रूळ, हा शाईचा डबा, ही पकड. बत्तीस मिनिटे लागली. माझ्यामुळे ती बारा मिनिटे जास्त रडली, असा माझा हिशेब आहे. अकराव्या रात्री ती उठली नाही आणि कोणी तिला उठवले नाही. सकाळी तिने वाटी चाटूनपुसून साफ केली. लेकीने ती वाटी मला दाखवली नाही, धुऊन टाकली.

मला जा, असे कोणी म्हणाले नाही. राहा, असेही कोणी म्हणाले नाही. लेक वेळेवर वाढत होती, औषध घेतलेस का म्हणून विचारत होती, आणि ठकूला माझ्याकडे देताना क्षणभर थांबत होती. त्या क्षणभराची लांबी मी दिवसातून दहा वेळा मोजली. ती कमी होत नव्हती.

बाराव्या दिवशी मी बॅग भरली. जावई नुकतेच कामाला गेले होते. लेक घरी आली होती. निघण्याआधी मी वही उघडली. कारखान्यात नोंद खोडायची नसते. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला बरोबर आकडा लिहून सही करायची. मी सहाही रात्रींवर तशी रेघ मारली. सहा वेळा १८० लिहिले. सहा वेळा सही केली. पाचव्या रात्रीपुढे लिहिले: बाळ उठले नव्हते, मी उठवले. मग वही लेकीपुढे ठेवली.

तिने ती खिडकीत आलेल्या औषधांच्या चिठ्ठीसारखी वरपासून खालपर्यंत वाचली.

"सहीखाली तारीख राहिली," ती म्हणाली.

मी तारीख घातली.

ती जिन्यापर्यंत बॅग घेऊन आली. मी चपला घातल्या आणि मग ठकूच्या खोलीकडे वळले. दार अर्धे उघडे होते. ती दुपारची झोपली होती, हात वर टाकून, दोन्ही मुठी उघड्या. मी उंबऱ्याच्या आत एक पाऊल ठेवले.

"आई," लेक मागून हलक्या आवाजात म्हणाली, "झोपलीये ती. उठवू नकोस."